लोहगडावर जाताय? आधी फोनमध्ये जागा किती उरली ते बघा

पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडवाडीतून पायऱ्या चढणाऱ्या बहुतेकांच्या हातात मोबाईल असतो. गणेश दरवाजाजवळ फोटो, महादरवाजाजवळ रील आणि विंचूकाट्यावर पोचल्यावर स्क्रीनवर मेसेज: स्टोरेज फुल! हे टाळायला फक्त बेरीज-वजाबाकी यावी लागते.

एक हजार केबी म्हणजे साधारण एक एमबी, आणि एक हजार एमबी म्हणजे एक जीबी. १२ मेगापिक्सेलचा एक फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की आकसून काहीशे केबीचा होतो, म्हणून प्रिंट काढायला तो पुरत नाही. गाणं मोजणं सगळ्यात सोपं. साध्या दर्जाचं गाणं मिनिटाला एक एमबी घेतं, चांगल्या दर्जाचं त्याच्या जवळपास अडीचपट. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं ५ ते १२ एमबी. डाउनलोड केलेला अडीच तासांचा सिनेमा साधारण १ ते ३ जीबी.

ॲपचं मात्र फसवं असतं. डाउनलोड करताना १०० एमबी दिसतं, पण वापरता वापरता ते आत डेटा साठवतं आणि फुगत जातं. फॅमिली ग्रुपमधली 'शुभ सकाळ' चित्रंही त्यातच.

आता ६४ जीबीचा फोन धरू. सिस्टीमच सुमारे १९ जीबी खाते, उरले ४५. वीस ॲप्स, सरासरी ३०० एमबी धरली तर ६ जीबी. दोनशे गाणी १ जीबी. दीड जीबीचे दोन सिनेमे ३ जीबी. चार एमबीचे पाच हजार जुने फोटो २० जीबी. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो-व्हिडिओ १० जीबी. एकूण ४० झाले, ट्रिपसाठी उरले ५ जीबी.

गडावर दोनशे फोटो काढले तर फक्त ०.८ जीबी. खरा खादाड व्हिडिओ! फोर-केमध्ये एका मिनिटाला ३५० एमबीपर्यंत जातात, म्हणजे दहा मिनिटांत साडेतीन जीबी. बेरीज ४.३ जीबी, फोन जवळपास भरला. तोच व्हिडिओ फुल एचडीमध्ये घेतला तर मिनिटाला १३० एमबीच्या आसपास, म्हणजे दहा मिनिटांचे १.३ जीबी. रील मोबाईलवरच बघणार असाल तर फुल एचडी पुरतं, असं माझं मत.

तरीही वर पोचून जागा संपलीच, आणि घाईत जुने फोटो डिलीट केले, तर जागा लगेच मोकळी होईलच असं नाही. बऱ्याच फोनमध्ये ते फोटो 'Trash' किंवा 'Recently Deleted'मध्ये निदान महिनाभर पडून राहतात आणि तेवढीच जागा अडवतात. तिथूनही काढले की 'Storage'मधला आकडा खाली येतो. फक्त तिथून काढलेला फोटो सहसा परत मिळत नाही, त्यामुळे आधी पाहिलेला सिनेमा उडवा. एका झटक्यात दीड जीबी, म्हणजे फुल एचडीमध्ये अकरा मिनिटं!