हिस्टेरो-एपिलेप्सी: एका जोडनावाची फारकत

पॅरिसमधल्या साल्पेत्रिएर रुग्णालयाची एक जुनी इमारत 1870 च्या सुमारास मोडकळीला आली. तिथे मनोरुग्ण स्त्रियांबरोबरच फेफरे येणाऱ्या आणि हिस्टेरियाच्या म्हणून नोंदलेल्या बायकाही राहत. इमारत रिकामी करताना, ज्यांना झटके येतात पण वेडाची लक्षणे नाहीत अशा सगळ्यांना एका वेगळ्या विभागात एकत्र ठेवले गेले. तो विभाग जाँ-मार्तँ शार्को या डॉक्टरांकडे आला. त्या काळी एक नाव प्रचारात होते: हिस्टेरो-एपिलेप्सी, म्हणजे थोडा हिस्टेरिया आणि थोडे फेफरे.

नावाच्या पहिल्या अर्ध्यात ग्रीक भाषेतले गर्भाशय आहे. बाईच्या पोटातला हा अवयव बिघडला की असे होते, हा जुना समज त्यात मुरलेला आहे. आपल्याकडे आयुर्वेदाच्या अलीकडच्या पुस्तकांनी हिस्टेरियाला ‘योषापस्मार’ म्हटले. योषा म्हणजे स्त्री, अपस्मार म्हणजे फेफरे. दोन दूरच्या भाषांनी एकाच आजाराला सारख्याच दोन चुका चिकटवल्या. हा आजार पुरुषांनाही होतो, हे शार्को यांनीच ठासून सांगितले होते; आणि तो फेफऱ्याचा प्रकार नव्हे, हेही त्यांच्या लक्षात आले होते. त्यांचा पुरावा साधा होता. खरे फेफरे एकामागून एक येत राहिले की अंगाचा ताप झपाट्याने चढतो आणि जीव धोक्यात येतो. दुसऱ्या प्रकारचे झटके तासन्‌तास चालले तरी तापमापकातला पारा फारसा हलत नाही. फारकतीची सुरुवात अशी एका काचेच्या नळीने झाली.

शार्को 1893 मध्ये वारले. त्यांचे शिष्य बाबिन्स्की यांनी मांडले की हा विकार सूचनेने जडतो आणि समजुतीने जातो. तिथून ‘मग ही ढोंगेच’ असे म्हणायला फार वेळ लागला नाही. अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स हूवर यांनी 1908 मध्ये पायातल्या लुळेपणाची एक खूण प्रसिद्ध केली, तेव्हा ढोंग ओळखणे हा हेतू लेखाच्या शीर्षकातच होता. रुग्णाला उताणे झोपवायचे आणि लुळ्या पायाची टाच खाटेवर दाबायला सांगायचे. दाब येत नाही. मग चांगला पाय डॉक्टरांच्या हाताविरुद्ध उचलायला सांगायचे. त्या क्षणी लुळ्या पायाची टाच आपोआप, जोरात खाली दाबली जाते. एक पाय उचलताना दुसऱ्याने टेकू देणे ही शरीराची न सांगता होणारी हालचाल आहे.

हूवर यांच्या काळी या खुणेचा अर्थ ‘सापडलास’ असा घेता येई. पण नीट पाहिले तर ती वेगळेच सांगते. मज्जारज्जू, नसा आणि स्नायू शाबूत आहेत; लक्ष पायाकडे वळवून हालचाल करायला गेले की तीच वाट अडते, लक्ष दुसरीकडे गेले की मोकळी होते. बिघाड वाटेच्या वापरात आहे. ‘फंक्शनल’ हा शब्द आज नेमक्या याच अर्थाने वापरतात. एडिनबरोचे जॉन स्टोन आणि त्यांचे सहकारी हीच खूण रुग्णाला करून दाखवतात: बघा, पायात ताकद आहे, ती परत येऊ शकते.

झटक्यांच्या बाबतीत हूवरच्या खुणेचे काम मेंदूच्या विद्युत आलेखाने, म्हणजे ईईजीने केले. जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली. जाग्या माणसाने शांतपणे डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला आठ ते तेरा लाटांची एक लय उमटते. तिला अल्फा म्हणतात. या निदानात तिचे मोल मोठे आहे.

अनेक रुग्णांच्या हकिगतींवरून बेतलेले एक उदाहरण घेऊ. एकवीस वर्षांच्या मुलीला तीन वर्षे आठवड्यातून चार-चार आकड्या येतात. घरचे कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात. एकदा ईईजीत ‘किंचित दोष’ निघाला म्हणून वालप्रोएट सुरू झाले, मग दुसरे औषध जोडले गेले. तरुण मुलीला वालप्रोएट देणे ही लहान गोष्ट नाही. पुढे दिवस राहिले तर गर्भाला अपाय होऊ शकतो. शेवटी तिला व्हिडिओ-ईईजीसाठी दाखल केले. डोक्यावर तारा, समोर कॅमेरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, बोटांना मुंग्या येताहेत. मग मागे कलली आणि डोळे मिटले. हात थरथरू लागले, थांबले, पुन्हा सुरू झाले. मान डावी-उजवीकडे हलत होती. नर्सने पापणी उघडायचा प्रयत्न केला तर ती घट्ट आवळली गेली. सात मिनिटांनी सगळे एकदम थांबले आणि ती रडू लागली. सर्वांगाच्या फेफऱ्यात डोळे बहुधा उघडे असतात, अंग आधी ताठ होते, मग झटके हळूहळू विरळ होत दोन-तीन मिनिटांत थांबतात, आणि नंतर घोरल्यासारखा श्वास व गुंगी राहते. ईईजीतही त्यानंतर लाटा मंदावतात. हिच्या आलेखात थरथरताना स्नायूंचा गोंगाट होता, पण थांबण्याच्या त्या मधल्या क्षणांत अल्फा स्वच्छ दिसत होती. हाक मारूनही ओ न देणाऱ्या मुलीचा मेंदू डोळे मिटून जागा होता. झटका संपल्यावरही लाटा मंदावल्या नाहीत.

एकट्या खुणेवर कुणी विसंबू नये. कपड्यात लघवी होणे किंवा पडून लागणे दोन्हीकडे घडते. कपाळामागच्या भागातून येणारे फेफरे बरेचदा झोपेत, काही सेकंदांचे आणि इतके विचित्र असते की तेच नाटकी वाटते, आणि कवटीवरच्या तारांना ते कधी कळतही नाही. झटका नसताना काढलेला ईईजी स्वच्छ आला म्हणून फेफरे नाही असेही ठरत नाही. शिवाय अशा झटक्यांच्या दर पाच रुग्णांपैकी साधारण एकाला फेफरेही असते. म्हणून नेहमीचा झटका कॅमेऱ्यात आणि आलेखात एकाच वेळी पकडावा लागतो, आणि तो नेहमीचाच आहे हे घरच्यांकडून ताडून घ्यावे लागते.

मग ती मुद्दाम करत होती का? फंक्शनल कंपाच्या रुग्णांचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मेंदूची छायाचित्रे दोनदा घेतली: कंप आपोआप सुटला तेव्हा, आणि त्यांनीच तो मुद्दाम करून दाखवला तेव्हा. आपोआप सुटलेल्या कंपात, ‘ही हालचाल माझी’ ही जाणीव घडवण्यात भाग घेणारा उजव्या बाजूचा कानामागचा-वरचा भाग कमी काम करत होता. हात तोच, थरथर तीच, पण कर्तेपणाची जाणीव हरवलेली. ढोंग करणाऱ्याला आपण ढोंग करतो हे ठाऊक असते. इथे नेमके तेच हरवलेले असते. मागे आघात किंवा ताण असेलही, पण तो असलाच पाहिजे ही अट अमेरिकन मनोविकार संघटनेने 2013 च्या आपल्या निदानसूचीतून काढून टाकली. सापडत नसलेले दुःख रुग्णाकडून उकरून काढायची गरज उरली नाही.

उपचाराबद्दल आशेइतकाच हिशेबही हवा. ब्रिटनमध्ये 368 रुग्णांवर झालेल्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खास मानसोपचाराने वर्षअखेर झटक्यांची संख्या नेहमीच्या उपचारापेक्षा ठळकपणे कमी झाली नाही. पण झटक्याविना जाणारे दिवस लांबले आणि रोजचे जगणे सुधारले.

त्या मुलीला डॉक्टरांनी चित्रफीत दाखवली, खाली धावणारा आलेखही दाखवला, आणि हे खरे आहे पण फेफरे नाही असे सांगितले. औषधे एकदम तोडली नाहीत, महिनोन्‌महिने उतरवत नेली. बोटांना मुंग्या आल्या की तळवे जमिनीवर दाबायचे, समोरच्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यायची, श्वास लांबवायचा हे ती शिकली. आठवड्याच्या चारवरून महिन्याच्या दोनवर आली. एकदा एसटी स्टँडवर झटका आलाच. लोक कांदा शोधत होते. भावाने तिच्या डोक्याखाली ओढणीची घडी सरकवली, गर्दीला जरा मागे सरा म्हणाला, आणि घड्याळ बघत शेजारी बसून राहिला.