माउली, थोडं पाणी द्या

आमची उंद्री चिखली तालुक्यातली. संत मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते आणि मलकापूर, बुलडाणा, चिखली करत पंढरपूरला जाते. महिनाभराची पायवाट. लहानपणी अब्बा मला पालखी पाहायला चिखलीला न्यायचे. एका वर्षी माझ्या हाती पाण्याची कळशी आणि लोटा दिला. पांढऱ्या मिशांचा एक वारकरी समोर येऊन म्हणाला, "माउली, थोडं पाणी द्या." मी दहा वर्षांचा पोर. मागं कुणी बाई उभी आहे काय, म्हणून मी वळून पाहिलं.

माउली म्हणजे आई. वारकऱ्यांनी हे नाव आधी ज्ञानेश्वरांना दिलं. मग वाटेवर ते एकमेकांनाही याच नावानं हाक मारू लागले. हजारोंच्या चालीत कुणाला वाट मागायची, कुणाला सावरायचं, तर त्याचं नाव ठाऊक नसतं. आणि आपल्याकडे आडनाव विचारलं की जात कळते, अरे म्हणावं की अहो, तेही त्यावरून ठरतं. 'माउली' म्हटलं की ही चौकशीच उरत नाही. गंमत म्हणजे शब्द स्त्रीलिंगी, पण मिशीवाल्या गड्यालाही तोच चालतो. शिवाय पाया पडणंही दोन्ही बाजूंनी. एक वाकला की दुसराही वाकतो. आमच्याकडे सलामाला उलट सलाम येतो, तसंच हे. फक्त इथं वयाचा मान बाजूला राहतो, हे मला विशेष वाटतं.

पण या शब्दाला मर्यादाही होती. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या आणि 'वाटचाल' या लेखात त्यांनी ते लिहून ठेवलं. दिवसभर एकत्र भजन करत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसत. बाईंना ते फार लागलं. दोन्हीकडच्या माणसांशी त्यांचा जिव्हाळा जडला होता आणि पंगती मात्र दोन. म्हणजे हाक रस्त्यावर चालली, चुलीपाशी अडली. आणि पंढरपूरच्या देवळाच्या दारात तर दलितांना मज्जावच होता. ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. तोवर शतकानुशतकं वाटेवरची माउली महाद्वाराबाहेरच थांबत होती.

त्या दिवशी चिखलीत त्या वारकऱ्यानं ओंजळ धरली, मी पाणी ओतलं. पिता पिता त्यानं विचारलं, "नाव काय रे तुझं?" मी सांगितलं. ओंजळ तशीच राहिली. त्यानं अब्बांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ओता, माउली," तो म्हणाला, "अजून तहान आहे."