सभापतींचा निर्णय आणि त्याची अंतिमता : गोवा विधानसभेतील एक प्रकरण (१९९०–१९९४)

पक्षांतर करणाऱ्या लोकप्रतिनिधीचे सभासदत्व रद्द व्हावे की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे फार लिहिले गेले आहे. परंतु ते रद्द झाले आहे असे ठरवावयाचे कोणी, हा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि त्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. एकाच सभासदाला एका सभापतीने अपात्र ठरवावे, तीन आठवड्यांत दुसऱ्या पीठासीन अधिकाऱ्याने तो निर्णय फिरवावा, दोन वर्षांनी न्यायालयाने ते फिरवणेही बेकायदा ठरवावे, आणि अखेरीस मूळ निर्णयच रद्द व्हावा, असा विलक्षण क्रम गोवा विधानसभेत १९९१ ते १९९४ या काळात घडला. प्रस्तुत लेखात त्या क्रमाचा शोध घ्यावयाचा आहे. कारण राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीने पीठासीन अधिकाऱ्याच्या हाती दिलेल्या अधिकाराचे स्वरूप व मर्यादा या एका प्रकरणात जितक्या स्पष्टपणे दिसतात, तितक्या अन्यत्र क्वचितच दिसतात.

प्रथम कायद्याची मांडणी ध्यानात घेतली पाहिजे. १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकांनंतर राज्याराज्यांतून पक्षांतराची जी लाट उसळली, तिच्या विचारासाठी यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली होती. तिचा अहवाल १९६९ मध्ये आला. त्यानंतर १९७३ व १९७८ मध्ये घटनादुरुस्तीचे प्रयत्न झाले. ते तडीस गेले नाहीत. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची अस्तित्वात आली. तिच्या दुसऱ्या परिच्छेदाप्रमाणे सभासद दोन कारणांनी अपात्र होतो : त्याने आपल्या पक्षाचे सभासदत्व स्वेच्छेने सोडले तर, किंवा पक्षादेशाविरुद्ध मतदान केले अथवा मतदानास गैरहजर राहिला तर. तिसऱ्या परिच्छेदाने यास एक अपवाद केला होता. मूळ पक्षात फूट पडली असेल आणि विधिमंडळ पक्षातील किमान एक तृतीयांश सभासद फुटलेल्या गटात असतील, तर त्यांस ही अपात्रता लागू होत नसे. हा अपवाद २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने काढून टाकण्यात आला. परंतु आपल्या प्रकरणाच्या काळी तो अस्तित्वात होता, आणि सारा वाद त्याच्याभोवती फिरला.

सहाव्या परिच्छेदाने निर्णयाचा अधिकार सभागृहाच्या अध्यक्षास किंवा सभापतीस दिला आणि त्याचा निर्णय अंतिम ठरवला. सातव्याने तर न्यायालयांचा अधिकारच वगळला. येथे एक फरक लक्षणीय आहे. सभासद लाभाचे पद धारण करतो किंवा दिवाळखोर ठरतो, असा प्रश्न उद्भवला तर राज्यपाल निवडणूक आयोगाच्या मताप्रमाणे निर्णय देतात. केवळ पक्षांतराचा प्रश्न तेवढा सभागृहातीलच एका व्यक्तीवर सोपविण्यात आला, आणि ती व्यक्ती बहुमताच्या पाठिंब्यावर पदारूढ असते.

आता गोव्याकडे वळू. नोव्हेंबर १९८९ च्या निवडणुकीत चाळीस जागांपैकी काँग्रेसला २०, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १८ व अपक्षांना २ जागा मिळाल्या. इतक्या निसटत्या बहुमतावर उभे राहिलेले प्रतापसिंह राणे यांचे सरकार मार्च १९९० मध्ये कोसळले. काँग्रेसचे सात सभासद बाहेर पडले, आणि त्यांत विधानसभेचे सभापती डॉ. लुईस प्रोतो बार्बोझा हेही होते. ज्याने इतरांच्या पक्षांतराचा निवाडा करावयाचा, तोच पक्षांतर करणाऱ्यांत होता. एप्रिलमध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि डिसेंबर १९९० मध्ये स्वतःच अपात्र ठरले. सभापतिपदावर निवडून आल्यावर निःपक्षपाती राहण्यासाठी पक्ष सोडण्याची मुभा पाचव्या परिच्छेदाने दिली आहे. सत्तांतरासाठी पक्ष सोडणाऱ्यास तिचा आधार मिळत नाही.

डिसेंबर १९९० मध्ये मगो पक्षाने पाठिंबा काढून घेतला. सत्तेची जुळवाजुळव पुन्हा सुरू झाली. तेव्हा मगो पक्षाचे दोन सभासद, संजय बांदेकर व रत्नाकर चोपडेकर, काँग्रेस नेते डॉ. विल्फ्रेड डिसोझा यांच्याबरोबर राज्यपालांकडे गेले आणि आपण मगो पक्षाबरोबर नाही असे त्यांनी दर्शविले. काशिनाथ जल्मी यांनी त्यांच्याविरुद्ध अर्ज केला. सभापती सुरेंद्र सिरसाट यांनी १३ डिसेंबर रोजी दोघांनाही अपात्र ठरवले. त्यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने त्या आदेशास स्थगिती दिली. दरम्यान राज्यात राष्ट्रपती राजवट आली.

राष्ट्रपती राजवट २५ जानेवारी १९९१ रोजी उठली आणि मगो पक्षातून फुटलेल्या गटाचे नेते रवी नाईक मुख्यमंत्री झाले. त्याच दिवशी रमाकांत खलप यांनी त्यांच्या अपात्रतेसाठी सभापतींकडे अर्ज केला. नाईक यांचे म्हणणे असे की, पक्षात रीतसर फूट पडली असून त्यांच्या गटात एक तृतीयांश, म्हणजे १८ पैकी किमान सहा, सभासद आहेत. बांदेकर व चोपडेकर हे त्याच गटातले. परंतु सभापतींनी त्या दोघांना गटात धरले नाही. ते अगोदरच अपात्र झालेले आहेत, अशी त्यांची भूमिका होती. उच्च न्यायालयाची स्थगिती त्यांनी विचारात घेतली नाही. फुटीचा दावा फेटाळून १५ फेब्रुवारी १९९१ रोजी त्यांनी विद्यमान मुख्यमंत्र्यांस अपात्र ठरवले.

पुढील घटना वेगाने घडल्या. ४ मार्च रोजी सभागृहाने सिरसाट यांना पदावरून दूर केले. उपसभापती सायमन डिसोझा सभापतींचे काम पाहू लागले. ७ व ८ मार्च रोजी त्यांनी पूर्वीच्या तिन्ही आदेशांचे पुनर्विलोकन करून ते रद्द केले. सभागृहातील बहुमत ज्या बाजूस, त्या बाजूचा पीठासीन अधिकारी. आणि अधिकारी बदलताच निर्णयही बदलला. अनुसूचीत ज्याला अंतिम म्हटले होते, तो निर्णय अवघे तीन आठवडे टिकला.

यावर जल्मी सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ मार्च १९९३ च्या निवाड्यात न्यायालयाने म्हटले की, दहाव्या अनुसूचीने सभापतीला पुनर्विलोकनाचा अधिकार दिलेला नाही, आणि कायद्याने दिल्यावाचून असा अधिकार गृहीत धरता येत नाही. चूक दुरुस्त करण्याचा मार्ग न्यायालयातून जातो; पुढच्या सभापतीच्या दालनातून जात नाही. परिणामी मूळ आदेश पुन्हा जिवंत झाले. मे १९९३ मध्ये उच्च न्यायालयाने नाईक यांची याचिका फेटाळली, आणि त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले.

दरम्यान कायद्यातच एक मोठा बदल झाला होता. नागालँडमधील पक्षांतराच्या प्रकरणावरून निघालेल्या किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालपत्रात, सातवा परिच्छेद अवैध ठरवला. न्यायालयांचे अधिकार कमी करणाऱ्या दुरुस्तीस निम्म्या राज्यांची मान्यता आवश्यक असते, आणि ती घेतलेली नव्हती. बहुमताने (तीन विरुद्ध दोन) बाकीची अनुसूची वैध धरली. या कामापुरता सभापती हा न्यायाधिकरण आहे. त्याच्या निर्णयाची तपासणी न्यायालय करू शकते. मात्र ती दुष्ट हेतू, घटनेच्या आज्ञेचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग व विपर्यस्त निष्कर्ष एवढ्यापुरतीच, आणि सामान्यतः निर्णय झाल्यानंतरच. अल्पमतातील न्या. ललित मोहन शर्मा व न्या. जे. एस. वर्मा यांना हे पटले नाही. बहुमतावर ज्याचे पद अवलंबून आहे, तो स्वतंत्र न्यायाधिकरण कसा होईल, असा त्यांच्या मताचा आशय होता.

९ फेब्रुवारी १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या प्रकरणाचा निकाल दिला. त्यातील तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत. पहिला, पक्षाचे सभासदत्व ‘स्वेच्छेने सोडणे’ म्हणजे केवळ राजीनामा देणे नव्हे. सभासदाच्या वर्तनावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो. बांदेकर व चोपडेकर यांचे राज्यपालांकडील वर्तन त्यास पुरेसे होते. म्हणून त्यांची अपात्रता कायम झाली. दुसरा, उत्तरासाठी नियमाने ठरविलेली मुदत त्यांना मिळाली नाही, ही तक्रार न्यायालयाने मानली नाही. सभागृहाने केलेले नियम कार्यपद्धतीपुरते असतात. त्यांचा प्रत्येक भंग म्हणजे घटनेचा भंग नव्हे, आणि दोघांनी उत्तर दिलेले असल्याने त्यांचे काही नुकसानही झाले नव्हते. तिसरा मुद्दा नाईक यांच्याविषयीचा. सातवा परिच्छेद प्रारंभापासूनच निष्प्रभ होता. म्हणून डिसेंबर १९९० मध्येही उच्च न्यायालयास अधिकार होता, आणि त्याची स्थगिती सभापतींवर बंधनकारक होती. स्थगितीच्या काळात ते दोघे सभासद होतेच. फुटीचा विचार करताना त्यांना वगळणे गैर होते. नाईक यांची अपात्रता रद्द झाली.

तीन वर्षांनी न्याय मिळाला खरा. पण त्याची व्यावहारिक किंमत किती? एप्रिल १९९४ मध्ये नाईक पुन्हा मुख्यमंत्री झाले ते सहा दिवसांपुरते. विधानसभेची मुदत संपत आली होती. मतदारसंघाचा प्रतिनिधी कोण, हा प्रश्न सभागृहाच्या आयुष्यातील बराच काळ अनिश्चित राहिला.

सभापतीने चुकीचा निर्णय दिला तर काय, याचे उत्तर या प्रकरणाने दिले. सभापतीने निर्णयच दिला नाही तर काय, याचे उत्तर मात्र त्यात नव्हते. आणि पुढील वादंग त्यावरच झाले. न्यायालयाने निर्णयानंतरच यावे, असा नियम असल्यामुळे विलंब हेच सोयीचे साधन बनले. २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, असाधारण परिस्थिती नसेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा असे सांगितले, आणि हे काम निवृत्त न्यायाधीशांच्या स्थायी न्यायाधिकरणाकडे द्यावे की काय, याचा संसदेने विचार करावा अशी सूचना केली. म्हणजे १९९२ मधील अल्पमताचीच शंका वेगळ्या रूपाने पुन्हा पुढे आली. महाराष्ट्रातील शिवसेनेच्या फुटीच्या खटल्यात, मे २०२३ मध्ये, न्यायालयाने स्वतः अपात्रतेचा निर्णय करण्यास नकार देऊन तो वाजवी मुदतीत करण्याचे काम अध्यक्षांकडेच सोपवले. जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्षांनी निर्णय दिला, तेव्हा कोणत्याही गटाचा एकही सभासद अपात्र ठरला नाही. जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या अध्यक्षांनाही तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

गोव्याच्या प्रकरणाकडे केवळ काही व्यक्तींच्या सत्तास्पर्धेचा वृत्तान्त म्हणून पाहणे म्हणूनच अपुरे ठरेल. सिरसाट यांचा आदेश व डिसोझा यांचा आदेश परस्परविरुद्ध होते. पण दोन्ही एकाच तरतुदीतून निघाले, आणि दोन्ही आपापल्या परीने त्या दिवशीच्या बहुमताशी बांधलेले होते. न्यायालयाने दोघांनाही मर्यादा घातली : पहिल्यास स्थगिती पाळावयास सांगून, दुसऱ्यास पुनर्विलोकनाचा अधिकार नाकारून. परंतु निर्णय करणाऱ्याच्या पदाचा आधारच बहुमत असावा, ही मूळची मांडणी तशीच राहिली. तिच्यात बदल करणे न्यायालयाच्या हाती नव्हते. ते संसदेच्या हाती होते, आणि आजही आहे.