पहिली मालिका कोणती? : एका प्रश्नमंजुषेच्या प्रास्ताविकामागचा इतिहास

आंतरशालेय प्रश्नमंजुषेसाठी यंदा ‘दूरचित्रवाणी मालिकांची वाटचाल’ हा विषय ठरला. स्पर्धा चाळीस मिनिटांची असते. तिच्या आधी सूत्रसंचालकाने करायचे प्रास्ताविक असते चार मिनिटांचे. ऐकणाऱ्याला ते स्वागताचे भाषण वाटते, पण त्याचे खरे काम वेगळे असते. आज कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरला जाईल, कोणता काळ आणि कोणता प्रदेश विचारात घेतला आहे, हे तिथेच सांगून टाकायचे असते. ते नीट सांगितले, तर पुढे उत्तरावरून वाद होत नाहीत. हे प्रास्ताविक लिहिताना आपल्या निपाणीचा म्हणून एक छोटासा इतिहास हाती लागला. तो स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवत आहे.

पहिली अडचण पहिल्याच प्रश्नाला आली. ‘मराठीतील पहिली मालिका कोणती?’ हा प्रश्न कोणालाही सहज सुचेल. पण उत्तरे पाहा. जुन्या पिढीतले ‘चिमणराव’ म्हणतील. काहीजण ‘श्वेतांबरा’ सांगतील. रोज दिसणारी ती मालिका असे मानणारा ‘दामिनी’चे नाव घेईल, आणि ज्याच्या घरी दूरचित्रवाणी म्हणजे केबल, तो ‘आभाळमाया’वर ठाम राहील. चौघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण ‘पहिली’ आणि ‘मालिका’ या दोन शब्दांचे अर्थ प्रत्येकाने वेगळे धरले आहेत. म्हणून प्रास्ताविकाची सुरुवात अशी केली :

“विद्यार्थी मित्रांनो, आज आपण मालिका म्हणू ती अशी : पात्रे तीच, कलाकार तेच आणि ठरलेल्या वारी किंवा रोज येणारा नवा भाग. गाण्यांचे, बातम्यांचे, शेतीचे कार्यक्रम यात येणार नाहीत. ‘पहिली’ हा शब्द प्रश्नात आला, तर ‘कोणत्या केंद्रावरची, कोणत्या भाषेतली’ हेही त्याच प्रश्नात असेल. ते नसेल, तर तुम्ही हरकत घ्या. ती मान्य होईल.”

आता ‘चिमणराव’कडे वळू. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. चिं. वि. जोशी यांच्या विनोदी कथांवरची ही मालिका त्या केंद्राने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. प्रत्येक भागात गोष्ट नवी, पण माणसे तीच, त्यामुळे आपल्या व्याख्येत ती बसते. म्हणून मूळचा प्रश्न मोडून असा केला : ‘चिं. वि. जोशी यांच्या कथांवर मुंबई दूरदर्शनने केलेल्या मालिकेत गुंड्याभाऊची भूमिका कोणी केली?’ याला उत्तर एकच आहे. ‘पहिली’चा वाद टळला आणि मालिकेचे नावही मुलांपर्यंत पोहोचले.

पण निपाणीत हा प्रश्न विचारताना एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. दूरचित्रवाणीच्या लहरी रेडिओच्या मध्यम लहरींसारख्या डोंगर ओलांडून लांबवर जात नाहीत. त्या जवळजवळ सरळ रेषेत चालतात. मनोरा जितका उंच, तितके त्यांचे क्षेत्र मोठे. तरीही मोठ्या शक्तीच्या मनोऱ्याचा खात्रीचा पल्ला शंभर किलोमीटरच्या आसपासच संपतो. मुंबईचा कार्यक्रम पुण्याला दिसावा म्हणून सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र उभारले गेले. निपाणी पुण्यापासून महामार्गाने अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि मध्ये घाट आहेत. म्हणजे मुंबई-पुण्याच्या घराघरांत चिमणराव आणि गुंड्याभाऊ गाजत होते, तेव्हा इथे ते नियमित दिसणे शक्यच नव्हते. आपल्याकडे ती दोघे भेटली ती पुस्तकांतून आणि वाचनालयांतून. भाषा आपली, लेखक आपला, पण पडदा आपला नव्हता. प्रास्ताविकात ही गोष्ट दोन वाक्यांत ठेवली :

“या प्रश्नाचे उत्तर तुमच्या आजी-आजोबांना पडद्यावरून माहीत असेलच असे नाही. मालिका मराठी होती, पण तिच्या लहरी निपाणीपर्यंत येत नव्हत्या.”

मग निपाणीचा पडदा उजळला कशाने? त्याचे उत्तर आकाशात आहे. 1982 साली दिल्लीहून देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम दाखवणे आणि रंगीत प्रक्षेपण या दोन्ही गोष्टी सुरू झाल्या. ऑगस्ट 1983 मध्ये इन्सॅट-1बी हा उपग्रह अवकाशात गेला. दिल्लीचा कार्यक्रम त्याच्याकडून घ्यायचा आणि गावाभोवती पसरवायचा, एवढेच काम करणारी कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे 1984 पासून झपाट्याने उभी राहू लागली. त्यांचा पल्ला थोडा, साधारण पंधरा-वीस किलोमीटरचा. त्यापलीकडच्या घरांना उंच खांब, अॅल्युमिनियमच्या कांड्यांचा अँटेना आणि बूस्टर लागे. अशा केंद्रांवर कार्यक्रम यायचा तो दिल्लीचा, म्हणजे हिंदीतला.

नेमके याच सुमारास, 7 जुलै 1984 रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. कुटुंबनियोजनासारखे विषय कथेतून लोकांपुढे मांडण्याचा प्रयोग मेक्सिकोत झाला होता. तिथला हा अनुभव वसंत साठे यांच्यामार्फत आपल्याकडे आला. मनोहर श्याम जोशी यांनी ती लिहिली आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार प्रेक्षकांशी बोलत. एका कुटुंबाची गोष्ट भागाभागाने पुढे सरकत राहिली ती अशी. आज मुले ज्याला मालिका म्हणतात, त्याचा साचा हाच. तेव्हा मुंबईकर मराठी प्रेक्षकाची पहिली मालिका मराठी असू शकते, पण सीमाभागातल्या मराठी प्रेक्षकाची पहिली मालिका बहुधा हिंदीच असणार. यात आवडनिवडीचा प्रश्न नाही. कोणत्या मनोऱ्याच्या पल्ल्यात कोणते गाव आले, एवढाच हिशेब आहे.

पुढे प्रादेशिक भाषांचे कार्यक्रम राज्यातल्या केंद्रांना जोडले गेले, तेव्हा हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा झाला. महाराष्ट्रातले केंद्र मुंबईचा कार्यक्रम घेणार आणि कर्नाटकातले बेंगळुरूचा. अँटेना एका बाजूनेच चांगले ग्रहण करतो. ज्या दिशेला त्याचे तोंड, तिथले चित्र. निपाणीच्या उत्तरेला कोल्हापूर आणि दक्षिणेला बेळगाव. म्हणून प्रेक्षकांसाठी एक फेरी अशी ठेवली आहे, जिचे उत्तर सूत्रसंचालकाच्या कागदावर नाही : ‘तुमच्या घरच्या अँटेनाचे तोंड कोणत्या दिशेला होते आणि त्यावर दिसलेली पहिली मालिका कोणती?’ मुलांनी हे आदल्या रात्री घरी विचारून यायचे आहे. या फेरीला गुण नाहीत, पण मिळालेली उत्तरे लिहून ठेवली, तर गावाच्या इतिहासाचे ते एक पान होईल.

स्पर्धेत मराठीबरोबर कन्नड, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा असतात. सगळे प्रश्न मराठी मालिकांवर काढले, तर निम्मे स्पर्धक प्रश्न ऐकण्याआधीच हरतात. इथे ‘मालगुडी डेज’ धावून आली. आर. के. नारायण यांच्या कथांवरची ही मालिका 1986-87 च्या सुमारास दूरदर्शनवर आली. दिग्दर्शक शंकर नाग कर्नाटकातल्या होन्नावरचे, पण त्यांची रंगभूमीवरची उमेदवारी मुंबईत मराठी नाटकांत झाली. ‘22 जून 1897’ या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा सहभाग होता. मालिकेचे चित्रीकरण शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंबे येथे झाले आणि नामावलीतली रेखाचित्रे काढली नारायण यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांनी, ज्यांची सारी व्यंगचित्रकारी मुंबईत फुलली. त्यामुळे ‘मालगुडी हे काल्पनिक गाव कोणत्या खऱ्या गावात उभे राहिले?’ या प्रश्नाला कन्नड शाळेतला मुलगा आणि मराठी शाळेतली मुलगी सारख्याच तयारीने सामोरे जातात.

प्रश्न तपासण्याची एक साधी रीत आहे. उत्तर झाकायचे आणि हरलेल्या संघाच्या बाजूने भांडून पाहायचे. ‘‘रामायण’ कोणत्या वर्षी दाखवली गेली?’ हा प्रश्न याच कसोटीवर पडला. रामानंद सागर यांची ही मालिका 25 जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी दिसू लागली. पण मार्च 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली, आणि आजच्या शाळकरी मुलांनी पाहिली ती तेव्हा. मुलाने ‘2020’ म्हटले, तर तो चूक कसा? म्हणून प्रश्नात ‘प्रथम’ हा शब्द घातला. भागांची संख्या विचारणारे प्रश्न मात्र काढूनच टाकले, कारण ‘हम लोग’च्या भागांचा आकडा ठिकठिकाणी वेगळा छापलेला आढळतो.

शेवटची फेरी उपग्रह वाहिन्यांची. 15 ऑगस्ट 1999 रोजी अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि पुढे तीच झी मराठी झाली. केबलवाल्याच्या तबकडीला राज्याची हद्द कळत नाही. ‘आभाळमाया’चा भाग गिरगावात आणि निपाणीत एकाच मिनिटाला दिसला. चिमणरावांच्या वेळी राहिलेले अंतर वीस वर्षांनी असे मिटले. 2016 साली आलेल्या ‘तुझ्यात जीव रंगला’ने तर दिशाच उलटी केली. कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात चित्रीकरण, तालमीतला राणादा आणि कोल्हापुरी बोली. आपल्या घरात बोलली जाते तिच्या अगदी जवळची ही भाषा मुंबई-पुण्याला रोज ऐकावी लागली. प्रास्ताविकाची शेवटची ओळ म्हणून अशी आहे :

“आधी दूरच्या मनोऱ्यावरून काय येते, याची निपाणी वाट पाहत होती. नंतर आपल्या बाजूची बोलीच त्या मनोऱ्यावरून सगळीकडे गेली. या दोन गोष्टींमध्ये जे घडले, त्यावर आजचे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न ‘अ’ संघाला.”