उलट भाषांतराची कुळकथा

एका भाषेतला करार दुसऱ्या भाषेत नेल्यावर तो भाषांतरित मजकूर, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याच व्यक्तीकडून परत पहिल्या भाषेत आणवून घेणे आणि हे परत आलेले कलम मूळ कलमाशेजारी ठेवून ताडून पाहणे, या रीतीला उलट भाषांतर म्हणतात. भाषांतराच्या व्यवसायात ‘बॅक ट्रान्सलेशन’ हे इंग्रजी नावच अधिक चालते. ज्याला परकी भाषा वाचता येत नाही, त्यालाही त्या भाषेत आपल्या नावावर नेमके कोणते बंधन लिहिले गेले आहे याचा अंदाज या रीतीमुळे घेता येतो. रीत म्हणून तिची शिस्तशीर मांडणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली असली, तरी तिची गरज दाखवून देणारे ठळक उदाहरण त्याहून ऐंशी वर्षे जुने आहे, आणि ते इथिओपियातले आहे.

२ मे १८८९ रोजी वुचाले येथे इथिओपियाचा मेनेलिक दुसरा आणि इटलीचा प्रतिनिधी काउंट पिएत्रो अँतोनेल्ली यांच्यात मैत्रीचा व व्यापाराचा तह झाला. तहाचे मजकूर दोन होते, एक इटालियन आणि एक अम्हारिक. सतराव्या कलमाच्या इटालियन मजकुरानुसार इतर सत्तांशी असलेले आपले सर्व व्यवहार इटलीच्या सरकारमार्फत करण्यास सम्राट संमती देत होता. अम्हारिक मजकुरानुसार मात्र सम्राटाला हवे असल्यास त्या कामी इटलीचे साहाय्य घेता येणार होते. दोन्हींत कर्ता तोच, विषय तोच आणि इटलीचा उल्लेखही तसाच. फरक होता तो एका क्रियापदाचा. त्या एका क्रियापदामुळे एका मजकुरात बंधन होते आणि दुसऱ्यात केवळ मुभा. इटालियन मजकुराच्या आधारे इटलीने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युरोपीय सत्तांना हे कलम कळवले, म्हणजे व्यवहारतः इथिओपिया आपल्या संरक्षणाखाली आल्याचे जाहीर केले. मेनेलिकने आपल्या राज्यारोहणाची वार्ता युरोपातल्या राजेरजवाड्यांना थेट पत्रे लिहून कळवली, तेव्हा असा पत्रव्यवहार इटलीमार्फत व्हायला हवा अशा आशयाची उत्तरे त्याला १८९० मध्ये आली, आणि आपण कशावर सही केली असे इटली मानते, हे त्याला त्यातून उमगले.

या तहाचे एकोणिसावे कलम कायद्याच्या अभ्यासकाने थांबून वाचावे असे आहे, कारण दोन्ही मजकूर एकमेकांशी पूर्णपणे जुळतात आणि म्हणून दोन्ही सारखेच अधिकृत मानले जातील, असे त्यात नमूद केले होते. मजकूर जुळत असल्याचे कलम लिहिले गेले. ते खरोखर जुळतात की नाही हे पाहणारी पायरी तहात कुठेच नव्हती. पुढे वाद मिटवण्यासाठी अँतोनेल्ली परत गेला आणि फेब्रुवारी १८९१ मध्ये नव्या मजकुरावर सह्या झाल्या. त्यानंतर अम्हारिक मजकूर इटालियनमध्ये उतरवून पाहिला असता, सतरावे कलम कायम राहील असे ज्या अँतोनेल्लीला वाटत होते त्याने ते रद्द होत असल्याच्या मजकुरावर सही केल्याचे उघड झाले. उलट भाषांतर झाले, पण सहीनंतर. १८९३ मध्ये मेनेलिकने तह नाकारला, १ मार्च १८९६ रोजी अडुवाच्या लढाईत इटलीचा पराभव झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अदिस अबाबाच्या तहाने वुचालेचा तह रद्द झाला. दोन मजकुरांतली ही तफावत मुद्दाम ठेवलेली होती की कसे, यावर विसाव्या शतकात स्वेन रुबेन्सन आणि कार्लो जिल्यो या इतिहासकारांनी वाद घातला.

उलट भाषांतराच्या रीतीची पद्धतशीर तपासणी कायद्याच्या क्षेत्रात नव्हे, तर आंतरसांस्कृतिक मानसशास्त्रात झाली, कारण एकच प्रश्नावली अनेक भाषांत नेल्यावर उत्तरांची तुलना करता येईल का, हा तिथला रोजचा प्रश्न होता. १९७० मध्ये रिचर्ड ब्रिस्लिन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्वाम विद्यापीठातल्या, दहा भाषांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या चौऱ्याण्णव द्वैभाषिकांनी निबंधांची भाषांतरे आणि उलट भाषांतरे केली. या अभ्यासाचे मोल रीतीच्या पुरस्कारापेक्षा तिच्या मर्यादा नोंदवण्यात अधिक आहे. परत आलेला मजकूर मुळाशी हुबेहूब जुळला तरी भाषांतर चांगले असेलच असे नाही, असे ब्रिस्लिन यांनी दाखवले: उलट भाषांतर करणारा कुशल असेल तर तो सदोष मजकुरातूनही मूळ अर्थ ओळखून काढतो, दोघांच्या डोक्यात शब्दांच्या ठरलेल्या जोड्या सारख्याच असतात, आणि पहिल्या भाषांतरकाराने मुळाची वाक्यरचना तशीच ठेवली असेल तर ती उलट नेणे फारच सोपे जाते.

कराराच्या कलमात या मर्यादा कशा दिसतात, हे इंग्रजीतून मराठीत आणलेल्या एका साध्या नमुना कलमावरून कळते. मूळ इंग्रजी कलमाचा आशय असा, की लेखी सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत सदोष माल स्वखर्चाने बदलून देणे पुरवठादारावर बंधनकारक आहे, आणि हे बंधन ‘शॅल’ या क्रियापदाने व्यक्त झाले आहे. मराठीत ते असे उतरले: ‘लेखी सूचना दिल्यापासून १५ दिवसांच्या आत पुरवठादाराने सदोष माल स्वखर्चाने बदलून द्यावा.’ मूळ न पाहिलेल्या भाषांतरकाराने ते परत इंग्रजीत नेले, तर दोन ठिकाणी फरक दिसायला हवा. मुदत सूचना मिळाल्याच्या दिवसाऐवजी ती दिल्याच्या दिवसापासून मोजली जाते, आणि टपालाला चार दिवस लागले तर पुरवठादाराच्या हाती अकराच दिवस उरतात. शिवाय ‘द्यावा’ हे रूप आज्ञा, अपेक्षा आणि सल्ला या तिन्ही अर्थांनी वाचता येत असल्याने परत येताना ते ‘शुड’ होऊन येऊ शकते. पहिला फरक जवळजवळ नक्की सापडतो, कारण तो वस्तुस्थितीचा आहे. दुसरा मात्र अनेकदा निसटतो: उलट भाषांतर करणारा करारांच्या भाषेत मुरलेला असला की ‘द्यावा’ दिसताच सवयीने ‘शॅल’ लिहितो आणि मराठीतली संदिग्धता कागदावर उमटतच नाही. म्हणून त्याला केवळ मूळ मजकूर न दाखवणे पुरेसे नाही. जे रूप एकाहून अधिक अर्थांनी वाचता येते तिथे ती सर्व वाचने लिहून द्यावीत, अशी स्पष्ट सूचना त्याला द्यावी लागते. तसे केल्यास दुरुस्ती सरळ होते, ‘दिल्यापासून’च्या जागी ‘मिळाल्यापासून’ येते आणि वाक्याचा शेवट ‘बदलून देणे पुरवठादारावर बंधनकारक राहील’ असा होतो.

याहून फसवे असते ते निर्दोष दिसणारे उलट भाषांतर. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये ‘कन्सिडरेशन’ म्हणजे वचनाच्या बदल्यात दुसऱ्या पक्षाने केलेली, टाळलेली किंवा कबूल केलेली गोष्ट. मराठीत तिला प्रतिफल किंवा मोबदला म्हणतात. एखाद्याने तिथे ‘विचार’ हा कोशातला पहिला शब्द लिहिला तर मराठी कलम निरर्थक होते, पण उलट भाषांतरात ‘कन्सिडरेशन’ अगदी जसेच्या तसे परत येते आणि तपासणारा समाधानाने खूण करतो. उलट ‘मोबदला’ लिहिणाऱ्या जाणत्या भाषांतरकाराचा शब्द ‘पेमेंट’ किंवा ‘कॉम्पेन्सेशन’ होऊन आला, की त्यालाच खुलासा मागितला जातो. त्यामुळे शब्दाला शब्द लावून ताडण्यापेक्षा कोणी, काय, केव्हापर्यंत करायचे आणि न केल्यास काय होईल, ही चार उत्तरे दोन्ही मजकुरांतून स्वतंत्रपणे काढून ताडणे अधिक विश्वासाचे ठरते.

हीच दिशा पुढे ब्रिस्लिन आणि सिनायको यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात अधिक ठाम झाली. हेलिकॉप्टरच्या देखभालीच्या इंग्रजी पुस्तिकांचे व्हिएतनामी भाषांतर तपासताना त्यांनी केवळ उलट भाषांतरावर न थांबता, ते वाचून माणसाला प्रत्यक्ष काम करता येते का, हेही पाहिले. करारापुरते याचे रूप असे, की इंग्रजी मूळ न पाहिलेल्या मराठी वाचकाच्या हाती कलम द्यावे आणि सूचना ३ तारखेला टपालात टाकून ७ तारखेला पोहोचली तर माल बदलून देण्याचा शेवटचा दिवस कोणता, आणि तो उलटून गेल्यास पुरवठादाराने काही चुकवले असे म्हणता येईल का, एवढेच त्याला विचारावे.