बहुउद्गम व्यतिकरण

समान अंतरावरील अनेक सुसंगत उद्गमांच्या तरंगांची बेरीज कलासदिशांनी करतात. प्रत्येक तरंगासाठी एक बाण काढला जातो. लगतच्या बाणांमधील कोन म्हणजे कलांतर, `δ = 2πd sinθ/λ`.

ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथे 1965 मध्ये गोविंद स्वरूप यांच्या गटाने उभारलेल्या सौर रेडिओ दुर्बिणीत पूर्व-पश्चिम 630 मीटर रेषेवर 24 अँटेना होत्या. त्या उद्गम नसून ग्राहक होत्या, तरी गणित तेच. 610 मेगाहर्ट्झला `λ` सुमारे 49 सेंमी. असते, अंतरे समान धरता `d` सुमारे 27.4 मीटर येते. `δ` 360°च्या पटीत असता सर्व बाण एका रेषेत येतात आणि तीव्रता एका अँटेनाच्या 576 पट होते. असे मुख्य महत्तम सुमारे 1° अंतराने पडतात. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्याने त्यावर एका वेळी फार तर एकच येई.

`δ` 15° झाला की बाणांचा बंद बहुभुज बनतो व बेरीज शून्य होते. 22.5°ला ते दीड फेरा घेतात: 16 बाण पूर्ण फेऱ्यात एकमेकांना खोडतात, उरलेल्या 8 बाणांचे अर्धवर्तुळ राहते. त्याचा व्यास, म्हणजे सुमारे 5.1 बाण, एवढीच बेरीज. म्हणून पहिल्या दुय्यम महत्तमाची तीव्रता जेमतेम 26 पट, मुख्याच्या सुमारे साडेचार टक्के. उद्गम आणखी वाढवले तरी हे प्रमाण जवळजवळ तेवढेच राहते. अरुंद होते ते मुख्य शिखर.