अनोळखी डाग : पाणी, स्पिरिट की टर्पेंटाइन?

डाग कशाचा हे ठाऊक असल्यास उपाय सोपा. ठाऊक नसल्यास डागालाच विचारावे लागते. ‘सारखे सारख्यात विरघळते’ हा रसायनशास्त्रातील ढोबळ नियम येथे उपयोगी पडतो. पाण्याच्या रेणूची दोन टोके विद्युतभाराच्या दृष्टीने विषम असतात, म्हणून मीठ, साखर, सरबत अशा तशाच विषम पदार्थांना ते सामावून घेते. तेलातुपाच्या रेणूंत ही विषमता फारच कमी असते. त्यांना रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन जवळचे. अल्कोहोलचा रेणू एका टोकाने पाण्यासारखा, तर दुसऱ्या टोकाने तेलासारखा असल्याने ते मधले स्थान घेते. बॉलपेनच्या शाईतील रंगद्रव्ये पाण्याला दाद देत नाहीत, पण स्पिरिटने सुटतात, ती यामुळेच.

पांढऱ्या सुती सदऱ्यावर पिवळा डाग दिसतो आहे, असे समजा. चहाचा की आमटीचा, हे सांगता येत नाही. डागाच्या कडेला पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो मुरण्याऐवजी मोत्यासारखा टिकून राहिला, तर डागात स्निग्धांश आहे असे समजावे. थेंब वाळल्यावर डागाखाली जुने पांढरे फडके ठेवून टर्पेंटाइनचा बोळा कडेकडून मध्याकडे टिपत न्यावा. मधून बाहेर चोळल्यास डागाभोवती वलय उमटते. समजा, तेलकटपणा गेला, पण पिवळेपणा राहिला. टर्पेंटाइन पूर्ण उडून गेल्यावर आता सर्जिकल स्पिरिटचा बोळा लावावा. बोळ्यावर पिवळा रंग उतरला, तर हळदीचा संशय बळावतो, कारण हळदीतील कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र विरघळते. उरलेल्या डागाच्या एका टोकाला साबण लावताच ते तांबूस झाले, म्हणजे आमटीच! हा तांबूसपणा पाहून घाबरू नये. साबण धुऊन गेल्यावर तो ओसरतो, आणि राहिलेली पिवळी छटा उन्हात फिकी पडते.

भरपूर पाणी मुद्दामच शेवटी ठेवले आहे. सुताचा धागा पाण्याने फुगतो आणि ओल्या धाग्यात टर्पेंटाइन शिरत नाही. गरम पाणी मात्र टाळावे. डाग रक्ताचा किंवा अंड्याचा निघाला, तर त्यातील प्रथिने उष्णतेने घट्ट बसतात.

हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. लोखंडाचा गंज तिन्हींत विरघळत नाही, आणि जेल पेनच्या बऱ्याच शायांतील रंगकणही नाहीत. बोळा स्वच्छच राहिला, तर घासत बसण्यात अर्थ नाही. शिवाय द्रावकाला डाग आणि कापडाचा स्वतःचा रंग यांतील फरक कळत नाही. म्हणून आधी आतल्या शिवणीवर चाचणी घ्यावी. स्पिरिट व टर्पेंटाइन दोन्ही ज्वालाग्राही असल्याने हे काम गॅसपासून दूर, उघड्या खिडकीशी करावे आणि कापड पूर्ण वाळल्याशिवाय इस्त्री फिरवू नये.